विकत घेतलेली कॉइन्स गेली, जाहिराती मात्र बंदच राहिल्या

मागच्या दिवाळीनंतर सांगलीहून आत्याचा फोन आला. तिला शब्दकोड्यांचा एक गेम फार आवडतो. दुपारची झाकपाक झाली की तासभर ती त्यातच रमलेली असते. फोनमधली जागा संपल्याचा निरोप सारखा यायला लागला म्हणून शेजारच्या मुलानं तो गेम काढला, फोटो-व्हिडिओ आवरले आणि संध्याकाळी गेम पुन्हा टाकून दिला. आत्यानं उघडून पाहिलं तर तिची ६४० कॉइन्स गायब. वरच्या कोपऱ्यात नुसतं शून्य.

"अरे, पैसे मोजून घेतली होती ती," ती म्हणाली. "आणि जाहिराती बंद करायचे पैसेही मी तेव्हाच भरले होते. त्या अजून येत नाहीत. मग एक राहिलं आणि एक गेलं, असं कसं झालं?"

मी अ‍ॅप बनवण्याच्या कामात आहे, आणि हा प्रश्न मला इतक्या नेमक्या शब्दांत क्वचितच कुणी विचारला असेल. बहुतेक जण "गेमवाल्यांनी फसवलं" एवढंच म्हणतात. आत्यानं मात्र दोन खरेद्या शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. खातं तेच, फोन तोच, पैसे भरायची रीतही तीच. फरक होता तो घेतलेल्या वस्तूच्या जातीत.

अ‍ॅपच्या आत विकल्या जाणाऱ्या वस्तू मुख्यतः दोन जातींच्या असतात. (महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी ही तिसरी जात, ती इथे बाजूला ठेवू.) कन्झ्युमेबल म्हणजे वापरली की संपणारी आणि पुन्हा घेता येणारी वस्तू: कॉइन्स, हिरे, जादा जीव, फोटो सुधारण्याचे क्रेडिट. नॉन-कन्झ्युमेबल म्हणजे एकदाच घ्यायची आणि मग आपली होऊन राहणारी: जाहिराती बंद करणं, पूर्ण आवृत्ती, नवा नकाशा. अ‍ॅपलनं २००९ साली आयफोनवर अ‍ॅपमधली खरेदी सुरू केली. तिथे वस्तूची जात विक्रीला ठेवतानाच ठरवून द्यावी लागते. गूगल प्लेवर ती अ‍ॅपच्या वागण्यातून ठरते, आणि ते वागणं कळलं की आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

आत्यानं जाहिराती बंद करण्यासाठी पैसे भरले तेव्हा प्ले स्टोअरनं तिच्या गूगल खात्यावर नोंद केली, की ही वस्तू या खात्याच्या मालकीची आहे. मग अ‍ॅपनं स्टोअरला `acknowledgePurchase` ही आज्ञा पाठवून कळवलं, की वस्तू पोचती झाली. ही पोच तीन दिवसांत द्यावीच लागते. दिली नाही तर गूगल सौदा आपणहून रद्द करतं आणि पैसे परत करतं. पोच मिळाल्यावर नोंद तशीच राहते. गेम काढून पुन्हा टाकला की तो पहिल्यांदा उघडताना स्टोअरला विचारतो, या खात्याच्या नावावर काय काय आहे? उत्तर येतं, जाहिराती बंद. गेम त्या बंद ठेवतो. यात फोनच्या आठवणीचा कुठे संबंधच येत नाही.

कॉइन्सची सुरुवातही अशीच होते. आत्यानं ५०० कॉइन्सचा संच घेतला की त्याचीही तिच्या खात्यावर नोंद होते. अ‍ॅप तिच्या शिल्लकीत ५०० घालतं आणि मग वेगळी आज्ञा पाठवतं, `consumeAsync`. तिचा अर्थ असा, की ही वस्तू खपली, हिला आता मालकीच्या यादीतून काढा. असं करावंच लागतं, कारण यादीत आधीच असलेली वस्तू स्टोअर दुसऱ्यांदा विकत नाही. `consumeAsync` पाठवलं नाही तर आत्याला ५०० चा तोच संच आयुष्यात पुन्हा घेता येणार नाही. म्हणजे पुन्हा घेता यावा म्हणून नोंद मिटवायची, आणि नोंद मिटली म्हणून पुढे गेम नव्यानं टाकल्यावर स्टोअरकडे परत द्यायला काही उरत नाही. हा दोष नाही, रचनाच तशी आहे.

इथे कुणीही विचारेल, की स्टोअरनं विक्री तर लक्षात ठेवावी! ती ठेवलेली असते. पैसे भरल्याचा इतिहास, तारीख, रक्कम सगळं तिथे सापडतं. अडचण दुसरीच आहे. किराणा दुकानदाराच्या वहीत आपल्या नावावर पाच किलो साखर लिहिलेली असते, पण आपल्या डब्यात आज किती उरली आहे ते त्या वहीत नसतं. आत्यानं वर्षभरात ५०० चे तीन संच घेतले होते, म्हणजे १,५०० कॉइन्स. त्यातली ८६० तिनं अडलेल्या कोड्यांतली अक्षरं उघडायला खर्च केली आणि ६४० उरली. स्टोअरला फार तर १,५०० माहीत. ८६० चा खर्च गेमच्या आत झाला, तिथे स्टोअरचा कुणी माणूस बसलेला नाही. आता गेम पुन्हा टाकल्यावर स्टोअरनं १,५०० परत द्यायची ठरवली, तर प्रत्येक जण कॉइन्स संपली की गेम काढेल आणि पुन्हा टाकेल. आयफोनवरही तर्क हाच. तिथलं Restore Purchases हे बटण दाबलं की कायमच्या वस्तू परत येतात, कॉइन्स येत नाहीत. अ‍ॅपलचा एक नियम आहे, की पैसे देऊन घेतलेल्या कॉइन्सना मुदत घालायची नाही. तो वाचून लोकांना वाटतं, मग ती परतही मिळाली पाहिजेत. पण परत मिळण्याची सोय अ‍ॅपल फक्त परत देता येण्याजोग्या वस्तूंसाठीच सक्तीची करतं.

मग ६४० हा आकडा होता कुठे? शिल्लक सांभाळणं ही सर्वस्वी गेम बनवणाऱ्याची जबाबदारी असते, आणि इथेच बऱ्यावाईटाचा फरक पडतो. काही गेम ती स्वतःच्या सर्व्हरवर, खेळणाऱ्याच्या खात्यापुढे लिहून ठेवतात. पण सर्व्हर चालवायला खर्च येतो, लॉगिन मागितलं की निम्मे लोक कंटाळून निघून जातील अशी धास्ती असते, म्हणून छोटे गेम शिल्लक फोनमधल्याच एका फाइलमध्ये ठेवतात. गेम काढला की त्याच्या नावची सगळी जागा पुसली जाते, आणि त्या फाइलबरोबर ६४० सुद्धा. आत्याच्या गेमचं हेच झालं होतं. पैसे घेऊन विकलेली वस्तू अशी फोनच्या भरवशावर सोडणं मला मुळीच पटत नाही. ज्याला कॉइन्स विकायची आहेत त्यानं ती लिहून ठेवायचा खर्चही सोसला पाहिजे, निदान विकताना ठळक अक्षरांत सांगितलं पाहिजे, की लॉगिन केलं नाही तर ही राहणार नाहीत.

कधीकधी कुणी सांगतं, "माझी तर परत आली होती." तेही खोटं नसतं. अँड्रॉइड फोन अ‍ॅपची माहिती गूगल खात्यावर अधूनमधून जपून ठेवतो, प्रत्येक अ‍ॅपची २५ एमबीपर्यंत, आणि गेम बनवणाऱ्यानं नको म्हटलं नसेल तरच. गेम पुन्हा टाकला की ती जुनी प्रत उतरते. परवाची प्रत असेल तर परवाची शिल्लक दिसते. यावर विसंबून कुणी राहू नये.

आणखी एक गमतीशीर अपवाद आहे. पैसे गेले, पण कॉइन्स जमा व्हायच्या आत गेम बंद पडला किंवा रेंज गेली, तर ती खरेदी अजून खपलेली नसते, यादीतच असते. गेम नीट लिहिलेला असेल तर पुढच्या वेळी उघडल्यावर, अगदी काढून पुन्हा टाकल्यावरही, तो ती शोधून काढतो आणि कॉइन्स जमा करतो. म्हणून पैसे गेले आणि कॉइन्स आली नाहीत तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा.

कायमच्या वस्तूही अमुक एका मर्यादेतच कायमच्या असतात. त्यांची नोंद असते स्टोअरच्या खात्यावर. फोनमध्ये दोन गूगल खाती असतील आणि खरेदी मुलाच्या खात्यावरून झाली असेल, तर गेम आईच्या खात्यावरून पुन्हा टाकल्यावर जाहिराती परत सुरू होतात. अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला तरीही तेच, कारण गूगलची वही अ‍ॅपल वाचत नाही. उलट कॉइन्स गेमच्या सर्व्हरवर असतील तर ती दोन्ही फोनवर दिसू शकतात.

आत्याच्या बाबतीत मुळात गेम काढायची गरजच नव्हती. अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन Clear cache केलं असतं तर तात्पुरता कचरा गेला असता आणि शिल्लक राहिली असती. त्याच्या शेजारचं Clear storage मात्र दाबायचं नाही, ते गेम काढून टाकण्याइतकंच सगळं पुसतं. आयफोनवर Offload App नावाची सोय आहे. ती अ‍ॅप हलवते आणि त्याची माहिती जागेवर ठेवते. Delete App दोन्ही घालवते.

आता झालेल्यावर काय करता येईल ते पाहिलं. आत्याच्या ई-मेलमध्ये प्ले स्टोअरच्या तीन पावत्या सापडल्या, प्रत्येकीवर GPA नं सुरू होणारा ऑर्डर क्रमांक. शेवटची पावती चारच दिवसांपूर्वीची होती. ते तिन्ही क्रमांक, तारखा आणि गेम पुन्हा टाकल्याची वेळ लिहून गेमच्या मदत पत्त्यावर पाठवलं. "माझी ६४० होती" हे तपासायला त्यांच्याकडेही काही नव्हतं, कारण तो आकडा फक्त पुसलेल्या फाइलमध्ये होता. पण ऑर्डर क्रमांक त्यांना पडताळता येत होते. तीन दिवसांनी उत्तर आलं आणि शेवटच्या संचाची ५०० कॉइन्स त्यांनी जमा केली. १४० गेली ती गेलीच.

गेमच्या सेटिंगमध्ये, सगळ्यात खाली, लॉगिन करायची एक बारीक ओळ होती. वर्षभर आत्या पाहुणी म्हणून खेळत होती, ती ओळ तिला कधी दिसलीच नव्हती. पुढच्या भेटीत मी तिला तिथून लॉगिन करायला लावलं. मग तोच गेम माझ्या फोनवर टाकला आणि तिच्याच खात्यानं आत शिरलो. वरच्या कोपऱ्यात ५०० दिसली. आत्यानं चष्मा लावून दोन्ही फोन शेजारी धरले, एक अक्षर उघडायला स्वतःच्या फोनवर २० कॉइन्स खर्च केली आणि माझ्या फोनवर ४८० होतात का ते बघत बसली. गेम बंद करून पुन्हा उघडल्यावर ती झाली.