अठरा इंचांचं गणित

ठेकेदारानं बेडरूममध्ये उभं राहून टेप ताणला, “१० बाय १२, म्हणजे १२० फूट” असं म्हणत मोबाइलवर दराने गुणलं आणि आकडा माझ्यासमोर धरला. मी विचारलं, “यात बोर्ड किती, पत्र्याचे चॅनेल किती, स्क्रू किती?” तो हसला. “साहेब, आपला रेट सामान-मजुरीसकट आहे. तुम्ही कशाला डोकं खाता?”

त्याचंही बरोबर होतं. फॉल्स सीलिंगचा भाव चौरस फुटावर ठरतो आणि भाव काढायला तेवढं पुरतं. पण सीलिंग चौरस फुटांनी बांधत नाहीत. ते बांधतात रेघांनी: भिंतीला लागून एक रेघ, स्लॅबखाली काही रेघा, त्यांना आडव्या आणखी काही. या रेघा कुठे आणि किती, ते कळलं की सामानाची यादी आपली आपण करता येते आणि कोणत्या ठिकाणी हात आखडता घेतला आहे तेही समजतं.

सुरुवात बोर्डापासून करू. आपल्याकडे सीलिंगला सर्रास लागणारा जिप्सम बोर्ड साडेबारा मिलिमीटर जाडीचा, ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब असतो. म्हणजे २४ चौरस फूट. १२० ला २४ ने भागलं की ५ येतात. माझ्या खोलीला पाच बोर्ड पुरतील का? पुरतात, पण भागाकार बरोबर आला म्हणून नव्हे. १२ फुटांच्या बाजूला दोन बोर्ड लांबीनं नेमके बसतात आणि १० फुटांत ४, ४ आणि २ अशा तीन ओळी होतात. तिसऱ्या ओळीसाठी एकच बोर्ड उभा चिरला की २ फूट रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात.

इथे एक बारीक गंमत आहे. बोर्डाच्या लांब कडा किंचित चेपलेल्या असतात. दोन बोर्ड शेजारी आले की तिथे उथळ पन्हळ तयार होते, तिच्यात कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाऊंड बसतं आणि वर सपाट पृष्ठभाग मिळतो. बोर्ड उभा चिरल्यावर प्रत्येक पट्टीला एक चेपलेली कड उरतेच. जाणता कारागीर ती कड सांध्याकडे ठेवतो आणि कापलेली कड भिंतीकडे सारतो. घाईतला कारागीर कशीही लावतो, मग त्या सांध्यावर टेपचा उंचवटा राहतो आणि रंगानंतर तो दिसतो.

६ फुटी लांबीच्या टोकांना मात्र अशी चेप नसते. तिथले सांधे नाजूक. म्हणून ते एका सरळ रेषेत येऊ देत नाहीत, विटांच्या थरासारखे चुकवतात. पहिल्या ओळीत ६ आणि ६, दुसऱ्या ओळीत ३, ६ आणि ३, तिसऱ्यात पुन्हा ६ आणि ६. दुसऱ्या ओळीतले ३ फुटी तुकडे एकच बोर्ड मधोमध कापून मिळतात, म्हणून एकूण बेरीज अजूनही पाचच राहते.

आता खोली ११ बाय १३ असती तर? क्षेत्रफळ १४३, भागाकार सहाच्या किंचित आत. कागदावर सहा बोर्ड. पण १३ फुटांत ६ आणि ६ नंतर १ फूट उरतो, आणि ११ फुटांतली शेवटची ओळ ३ फुटांची होते. उरलेल्या चिंधोट्या जोडून सहात भागवता येतं, मात्र मग सगळे टोकाचे सांधे एका रेषेत येतात आणि भिंतीलगत ठिगळं दिसतात. सांधे चुकवायचे तर दुसरी ओळ ३, ६, ४ अशी करावी लागते. ३ आणि ४ एका ६ फुटी बोर्डातून निघत नाहीत. सातवा बोर्ड आणावाच लागतो. ‘दहा टक्के वाया धरा’ असं जे सरसकट सांगतात, ते मला म्हणूनच पटत नाही. एका खोलीत काहीच वाया जात नाही, शेजारच्या खोलीत जवळपास अख्खा बोर्ड जातो.

बोर्ड ज्या सांगाड्याला लागतो तो गॅल्वनाइज्ड पत्र्याचा. भिंतीला चहूबाजूंनी लागतो तो पेरिमीटर चॅनेल. स्लॅबपासून पट्ट्यांनी लोंबकळतो तो इंटरमिजिएट चॅनेल. कारागीर त्याला नुसतं ‘इंटर’ म्हणतात. आणि इंटरच्या खाली, त्याला काटकोनात, क्लिपांनी अडकतो तो सीलिंग सेक्शन. बोर्डाचे स्क्रू याच सेक्शनमध्ये जातात, म्हणून सगळ्या हिशेबाचा कणा हा.

दोन सेक्शनमधलं अंतर ४५७ मिलिमीटर ठेवतात. हा विचित्र आकडा आला कुठून? ४५७ मिलिमीटर म्हणजे १८ इंच, आणि बोर्डाचे ६ फूट म्हणजे ७२ इंच. ७२ चे चार सारखे भाग केले की १८. म्हणजे बोर्ड सेक्शनला आडवा लावला की त्याची दोन्ही टोकं बरोब्बर सेक्शनवर येतात आणि मधे तीन आधार मिळतात. अर्धा कापलेला ३ फुटी तुकडा ३६ इंचांचा, तोही बरोबर आधारावर संपतो. पण तोच बोर्ड फिरवून लावला तर ४ फुटांची बाजू सेक्शनवर आडवी येते. ४८ ला १८ ने भाग जात नाही, आणि बोर्डाचं टोक अधांतरी राहतं. तिथे काही महिन्यांत केसासारखी चीर उमटते, आणि दोष पुट्टीला दिला जातो.

या आकड्यावरून माझ्या खोलीचे सेक्शन मोजू. ते १० फुटांच्या बाजूला समांतर जातील. १२ फूट म्हणजे १४४ इंच, त्यात १८ इंचांचे आठ गाळे. दोन्ही टोकांना भिंतीचा पेरिमीटर आधार देतोच, म्हणून मधले सेक्शन सात. बाजारात लांबी १२ फुटांची मिळते. प्रत्येक सेक्शनमागे २ फुटांचा तुकडा वाया जातो. सेक्शन १२ फुटांच्या दिशेनं टाकले असते तर सहाच लागले असते आणि एक इंचही वाया गेला नसता. पण मग बोर्ड १० फुटांच्या बाजूला ६ आणि ४ असे बसवावे लागले असते आणि पाचाऐवजी सहा बोर्ड लागले असते. पत्रा वाचवावा तर बोर्ड जातो. बोर्ड महाग आणि सांधे त्रासाचे, म्हणून मी पहिली दिशा निवडली.

बाकीचं सोपं आहे. पेरिमीटर ४४ फूट, म्हणजे १२ फुटी चार लांब्या. दर २ फुटांवर भिंतीत प्लग आणि स्क्रू. इंटर ४ फुटांच्या अंतरावर घेतात. १० फुटांत १, ५ आणि ९ फुटांवर तीन इंटर टाकले की भिंतीपाशी फक्त एकेक फूट उरतो. १२ फुटी तीन लांब्या. प्रत्येक इंटर ४-४ फुटांवर तीन जागी स्लॅबला टांगला की नऊ टांगण्या, म्हणजे नऊ अँकर फास्टनर. सात सेक्शन तीन इंटरना जिथे ओलांडतात त्या २१ जागी क्लिपा.

उरले ते काळे ड्रायवॉल स्क्रू. लांबी २५ मिलिमीटर, कारण साडेबारा बोर्डात गेल्यावर पत्रा भेदून पुरेसं टोक पलीकडे निघायला हवं. दोन स्क्रूंमध्ये २३० मिलिमीटर, म्हणजे ९ इंच. सेक्शनच्या अंतराच्या निम्मं. १० फुटांच्या एका सेक्शनवर १४ स्क्रू बसतात, सातांवर ९८. टोकाच्या सांध्यांवर दोन बोर्ड एकाच सेक्शनवर येतात आणि प्रत्येकाला आपापली रांग हवी. तिथे वीसेक जास्त. भिंतीलगत ४४ फुटांत साठेक. सगळे मिळून १८० च्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला दीड स्क्रू. २०० चा पुडा पुरतो, थोडे वाकतात आणि थोडे वर फळीवरून खाली पडतात ते धरून. पत्र्याला पत्रा जोडायचे छोटे चपट्या डोक्याचे स्क्रू वेगळे.

स्क्रू किती, याइतकंच तो कसा बसला याला महत्त्व आहे. डोकं बोर्डाच्या कागदाखाली जेमतेम बुडावं, पण कागद फाटू नये. बोर्डाचा जोर त्या कागदात असतो. तो फाटला की आतल्या जिप्समच्या भुकटीत स्क्रू नुसता उभा राहतो. अशा वेळी दोन इंच सरकून दुसरा मारायचा. कापलेल्या कडेपासून अर्धा इंच आत यायचं, नाहीतर कड तुटते.

आता हात आखडता घेतात तो कुठे? पहिली जागा पत्र्याची जाडी. सीलिंग सेक्शन ०.५५ मिलिमीटर पत्र्याचा हवा. ०.४ चा डोळ्यांना तसाच दिसतो. पण वजन खोटं बोलत नाही. सेक्शन उलगडला तर सुमारे १२५ मिलिमीटर रुंदीची पट्टी होते. त्यावरून १२ फुटी लांबीचं वजन २ किलोच्या जवळ येतं. ०.४ चा दीड किलोच्या आतच राहतो. मी प्रवासाची बॅग तोलायचा हातकाटा घेऊन गेलो होतो. कारागीर बघतच राहिला.

दुसरी जागा अंतर. १८ इंचांऐवजी २४ इंचांवर सेक्शन टाकला तर ७२ चे तीन सारखे भाग होतात, टोकंही आधारावर येतात आणि काहीच चुकलेलं दिसत नाही. माझ्या खोलीत सातांऐवजी पाचच सेक्शन लागतील. पण एका बोर्डाचं वजन १८ ते २० किलो असतं. पावसाळ्याच्या दमट हवेत एवढ्या लांब गाळ्यात तो मधे किंचित पोटाळतो. संध्याकाळी खिडकीच्या बाजूनं छताला चिकटून बॅटरी मारली की लाटा दिसतात. पंखा तर कधीच या सांगाड्यावर टांगायचा नाही, तो थेट स्लॅबच्या हुकावर.

बोर्ड लागून पुट्टी झाली की आतलं काही दिसत नाही. तेव्हा मी फ्रिजवरचं एक जाडजूड चुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि शिडीवर चढून छतावरून हळूहळू फिरवलं. जिथे स्क्रू, तिथे ते चटकन ओढलं जातं. पेन्सिलनं खुणा करत गेलो. भिंतीपासून १८, ३६, ५४, ७२ इंच, सगळं जागच्या जागी. ९० वर काहीच लागलं नाही, थेट ९६ वर लागलं. त्याच्या पुढचा ११५ वर. ठेकेदाराला बोलावून खुणा दाखवल्या. “लाइट आडवा येत होता ना साहेब, म्हणून सरकवला,” तो म्हणाला. खरंच तिथे गोल दिव्याचं भोक होतं. पण मग तिथला बोर्ड ज्या १०८ वर संपतो, तिथे खाली काय आहे, असं मी विचारलं. त्यानं स्वतः चुंबक हातात घेतलं, १०८ वरून दोनदा फिरवलं आणि मुलाला खालून ग्राइंडर आणि एक सेक्शन वर आणायला सांगितलं.