उलटता येणारी गणितं

चित्राची शक्यता अचूक मोजायची, तर त्याचे आकडे ओळखीच्या घंटाकृती वितरणात नेता येतात, आणि तेही परत येता येईल अशा वाटेनं. २०१६ साली लॉरां डिन व सहकाऱ्यांच्या 'रिअल एनव्हीपी'नं ही वाट फार सुरेख आखली. समजा, आकडे १ आणि २. पहिला तसाच ठेवायचा. त्याच्याकडे पाहून न्यूरल नेटवर्क सांगतं: दुसऱ्याला दुप्पट करा, ३ वजा करा. उत्तर १. उलट येताना पहिला आकडा हाताशी असतोच. म्हणून ३ मिळवून निम्मे केले की पुन्हा २. नेटवर्क स्वतः उलटावं लागत नाही!

दुप्पट ताणल्याची भरपाई म्हणजे लॉग-डिटर्मिनंट, इथे ०.६९. (१, १) या बिंदूची लॉग-घनता −२.८४, बेरीज −२.१४. थर वाढले की या भरपाया नुसत्या मिळवत जायच्या.

तरी अचूक म्हणजे शहाणं नव्हे: सीफार-१० चित्रांवर शिकवलेल्या 'ग्लो'नं कधीच न पाहिलेल्या घरक्रमांकांच्या फोटोंना जास्त शक्यता दिली.