‘मेहनती, हुशार, नम्र’ खोडल्यावर

फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या अर्जाला तीन शिफारसपत्रे लागतात. गुणपत्रिका समितीपुढे असतेच. त्यामुळे पत्रात पुन्हा टक्केवारी लिहिली, तर ती जागा वाया जाते. समितीला हवे असते ते वर्गात आणि प्रयोगशाळेत शिक्षकाने स्वतः पाहिलेले.

उदाहरणादाखल वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांचा मसुदा घेऊ. त्यात लिहिले आहे : ‘ती अत्यंत मेहनती, हुशार व नम्र असून तिची संशोधनवृत्ती वाखाणण्याजोगी आहे.’ पत्र तपासायला घेतलेला सहकारी एकच कसोटी लावतो. नाव बदलून हे वाक्य दुसऱ्या विद्यार्थिनीच्या पत्रात चालेल का? चालतेच. मग तो समासात लिहितो, ‘कशावरून?’

प्राध्यापक जुना प्रकल्प अहवाल काढतात आणि आठवते. तासगावच्या द्राक्षबागेतून आणलेल्या पानांवर भुरीचे प्रमाण मोजायचे होते. दोघींच्या नोंदी जुळेनात. सरासरी काढून मोकळे होणे सोपे होते. तिने तसे न करता पानांना क्रमांक दिले, कोणते पान कोणत्या वेलीचे हे लपवले आणि दोघींकडून पुन्हा मोजणी करून घेतली. फरक वेलींत नसून मोजणाऱ्यांच्या नजरेत होता. मग तिने रोगाच्या प्रत्येक पायरीचे नमुना-छायाचित्र ठरवले आणि पुढच्या तुकडीनेही तेच वापरले.

हा परिच्छेद पत्रात आला की ‘संशोधनवृत्ती’ हा शब्द काढला तरी काही बिघडत नाही. असा एक प्रसंग सविस्तर आला तर पुरतो. पाच प्रसंग एकेका ओळीत उरकले की पुन्हा यादीच होते.

‘मेहनती’ या शब्दाकडे जरा संशयानेच पाहावे. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रे फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन प्सेन्का यांनी तपासली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने आखूड निघाली आणि त्यांत कष्टाळूपणाचे उल्लेख अधिक होते. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही. पण कष्टांचे कौतुक वाचून उमेदवाराची बुद्धी कळत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळीच. ‘एलओआरचा ड्राफ्ट तूच आण, मी सही करतो,’ असे सर सांगतात आणि विद्यार्थी नेटवरचा नमुना उचलतो. तीन सरांच्या तीन पत्रांत तेच वाक्य सापडले, तर तिन्ही सह्यांवरचा विश्वास जातो. त्यापेक्षा विद्यार्थ्याने प्रकल्प अहवाल, जर्नल आणि आठवणीतल्या प्रसंगांची टिपणे द्यावीत आणि पत्र शिक्षकाने लिहावे. सरांना एकही प्रसंग आठवत नसेल, तर तो रचून घालण्यापेक्षा प्रयोगशाळेत रोज सोबत असलेल्या मॅडमकडे पत्र मागावे, त्यांचे पद धाकटे असले तरी.