‘हळूहळू’चा घोळ

‘हळूहळू’ हा मराठीतला मोठा लबाड शब्द आहे. ‘तो हळूहळू चालतो’ म्हणजे त्याची चाल मंद आहे. पण ‘ताप हळूहळू उतरला’ म्हणजे तो क्रमाक्रमाने उतरला. एरवीच्या बोलण्यात हे खपून जाते. चित्रपटाच्या कागदावर मात्र त्याने चांगलाच घोटाळा होतो. तो कसा, हे आमच्या बीड जिल्ह्यातल्याच एका दृश्याने सांगतो.

इथली हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशोबी ‘एक कोयता’ म्हणतात, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. काही विद्यार्थ्यांनी या विषयावर लघुपट करायला घेतला. दृश्य साधे होते: एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते आणि मोळी आत टाकते. चढणे पडद्यावर संथ दिसावे, आणि मोळी टाकताना त्याच सलग चित्रणात गती नेहमीची व्हावी, अशी त्यांची कल्पना. सिनेमावाले याला ‘स्पीड रॅम्प’ म्हणतात. रॅम्प म्हणजे उतरण: पायरीसारखी उडी नाही, घसरत गेलेला बदल. मार्टिन स्कोर्सेसीच्या ‘रेजिंग बुल’मध्ये (१९८०) मुष्टियुद्धाच्या प्रसंगी हा प्रकार सापडतो, आणि ‘३००’ या चित्रपटाने तर २००७ साली त्याची जगभर लाटच आणली.

मुलांनी कागदावर लिहिले: ‘बाई हळूहळू चढते, मग वेगाने मोळी टाकते.’ परिणाम व्हायचा तोच झाला. काम करणारी बाई वरातीत निघाल्यासारखी एकेक पाऊल टाकू लागली! वाक्याचा कर्ता बाई, तेव्हा मंदपणाही बाईकडेच गेला. वास्तविक मंद व्हायचे होते ते चित्र. बाईने रोजच्याच झपाट्याने चढायचे असते. ‘मग’ या शब्दाने आणखी गोंधळ केला. ‘मग’ म्हटले की वाचणारा तिथे कात्री चालवतो आणि दोन वेगळी चित्रणे समजतो.

बरे, कॅमेरा करतो काय? सेकंदाला १०० चित्रे घेतो. ती सेकंदाला २५ या हिशोबाने दाखवली की एका सेकंदाची हालचाल चार सेकंद चालते. नेहमीची गती हवी तिथे संकलक चारांतले एकच चित्र ठेवतो. उतरणीच्या टप्प्यात गाळायच्या चित्रांचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे संथपणा कुठे संपतो आणि बदलाला किती वेळ द्यायचा, या दोन गोष्टी कागदावर असल्याच पाहिजेत.

आता मोळीचा हिशोब करू. डोक्यावरून सुटलेली मोळी ट्रकच्या तळाशी पोहोचायला सुमारे अर्धा सेकंद, फार तर किंचित अधिक घेते. ती सुटताच गती बदलू लागली आणि पडद्यावरच्या अर्ध्या सेकंदात पूर्ववत झाली, तर उरलेले पडणे आणि आदळणे खऱ्या गतीने दिसते. त्याऐवजी ‘हळूहळू’ म्हणून दोन सेकंद दिले, तर मोळी आदळून मोकळी होते आणि गती अजून वाटेतच असते; धक्का सगळा वाया जातो.

म्हणून शेवटी कागदावर असे उतरले:

‘एकच सलग चित्रण, मध्ये तोड नाही. बाई नेहमीच्या चालीने फळी चढते. पडद्यावर ही हालचाल चौपट संथ दिसते. मोळी डोक्यावरून सुटते त्या क्षणी गती बदलू लागते आणि अर्ध्या सेकंदात नेहमीची होते. मोळी नेहमीच्या गतीने आदळते. संथ भागात आवाज नाही; आदळण्याचा आवाज पूर्ण.’

यात ‘हळूहळू’ एकदाही नाही, आणि बाईची चाल व पडद्यावरची गती यांना वेगवेगळी वाक्ये मिळाली आहेत. बदलाची खूणही घड्याळाची नसून डोळ्यांना दिसणारी आहे: मोळी सुटणे. ‘चौथ्या सेकंदाला’ असे लिहिले असते, तर बाई जरा आधी वर पोहोचली की सारे बिघडले असते.

गती परत आणायची ती कशासाठी, हेही सांगायला हवे. ‘सैराट’ (२०१६) पाहिलेल्यांना संथ धावण्यातली जादू ठाऊक आहे. तीच जादू मोळीवाल्या बाईवर केली तर तिचे कष्ट गोजिरे दिसू लागतात. ओझे हलके वाटते, आणि हे मला तरी खोटे वाटते. मोळी दाणकन आदळते तेव्हाच तिचे वजन प्रेक्षकाच्या अंगावर येते. आदळणेही संथ ठेवावे असे एका विद्यार्थ्याचे म्हणणे होते. तसे केले असते तर पाचटाचे नाजूक नृत्य तेवढे उरले असते.

एक अडचण मात्र शब्दांनी सुटत नाही. सेकंदाला १०० चित्रे घेताना प्रत्येक चित्राला साधारण १/२०० सेकंद उजेड मिळतो. नेहमीच्या चित्रणात तो १/५० असतो. त्यामुळे हलत्या वस्तूची जी पुसट रेघ डोळ्यांना सवयीची, ती गती पूर्ववत झाल्यावरही येत नाही, आणि तो भाग थोडा तुटक, थरथरता दिसतो. संकलनात कृत्रिम पुसटपणा घालता येतो. मुलांनी तो घातला नाही. मोळीच्या आदळण्याला ती थरथर शोभली. बाई रिकाम्या डोक्याने फळी उतरते तिथे मात्र ती खटकते.