ट्रेलर कापण्याआधी

मोबाइल गेमचा ट्रेलर करायला फोनवरचं स्क्रीन रेकॉर्डिंग पुरतं. पण ते एडिटरमध्ये टाकलं की काही वेळा उडीचा आवाज उडीच्या मागे पडू लागतो. सुरुवातीला सगळं जुळलेलं आणि शेवटाकडे फरक वाढलेला दिसला, तर कारण बहुधा एकच असतं. पडदा स्थिर असला की फोन कमी फ्रेम नोंदवतो, हालचाल वाढली की जास्त. बऱ्याच एडिटरना मात्र ठरावीक वेग हवा असतो. म्हणून कापण्याआधी प्रत्येक क्लिप संगणकावर एकसमान 30 फ्रेमची करून घ्यावी:

```
ffmpeg -i game.mp4 -vf fps=30 clip.mp4
```

मग कापाकापी. अॅपलच्या अॅप स्टोअरवर प्रीव्ह्यू 15 ते 30 सेकंदांचा लागतो आणि तो आपोआप, आवाजाविना सुरू होतो. त्यामुळे लोगोने सुरुवात करू नका. कोडं सोडवण्याचा गेम असेल तर पहिल्या तीन सेकंदांत बोटाने ठोकळा सरकावा आणि दार उघडावं. आवाज बंद ठेवून ट्रेलर अनोळखी माणसाला दाखवा. गेममध्ये काय करायचं हे त्याला सांगता आलं नाही, तर सुरुवात पुन्हा कापा.