ऑस्ट्रेलियाला जाताय? विमानात मिळणाऱ्या त्या कार्डावर 'येस' लिहायला घाबरू नका

मुलगी किंवा मुलगा मेलबर्नला, सिडनीला असतो. नातवंड होणार असतं. मग पुण्या-नाशिकहून आई-बाबा निघतात आणि सोबत जातात दोन भरगच्च बॅगा. डिंकाचे लाडू, अळीव, बाळगुटी, गोडा मसाला, चकल्या, लोणचं. विमान उतरायला दोन-अडीच तास राहिले की केबिन क्रू प्रत्येकाच्या हातात एक कार्ड ठेवतो. हे 'इनकमिंग पॅसेंजर कार्ड'. दोन्ही बाजूंनी छापलेलं, इंग्रजीत भरायचं आणि खाली सही करायची.

इथे एक चूक हमखास होते. "उगाच कटकट नको," म्हणून सगळ्या प्रश्नांना 'नो' लिहून मोकळं व्हायचं. शेजारच्या सीटवरचा अनुभवी प्रवासीही हाच सल्ला देतो. ऑस्ट्रेलियात मात्र तो महागात पडू शकतो, कारण तिथे नियम नेमका उलटा चालतो.

'येस' म्हणजे गुन्हा कबूल करणं नाही

कार्डावर सामानाबद्दलच्या प्रश्नांच्या वर एक सूचना छापलेली असते. तिचा अर्थ असा: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्या आणि खात्री नसेल तर 'येस'वर फुली मारा. आपल्याला शाळेपासून बरोबरची खूण आणि चूकची फुली अशी सवय, त्यामुळे इथे गोंधळ होतो. या कार्डावर फुली म्हणजे 'हे उत्तर मी निवडलं' एवढंच.

'येस' लिहिलं तर काय होतं? बॅग घेतल्यावर जैवसुरक्षा अधिकारी तुम्हाला विचारतो, "काय आणलंय?" तुम्ही सांगता किंवा दाखवता. चालण्यासारखं असेल तर तो परत देतो, नसेल तर ठेवून घेतो. तुम्ही आधीच जाहीर केलेली वस्तू बंदी असलेली निघाली, तरी तिच्यासाठी दंड होत नाही. लाडू गेले, एवढंच.

'नो' लिहिलं आणि कुत्र्याने किंवा एक्स-रे मशीनने बॅग पकडली, तर विषय लाडवाचा राहत नाही. मग तुम्ही सही करून खोटी माहिती दिलेली असते. दंड हजारो ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जातो. तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर विमानतळावरच व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढची तीन वर्षं परत जाण्याचा रस्ता बंद होऊ शकतो. हे नुसतं कागदावर नाही. २०१९ मध्ये व्हिएतनामहून सिडनीला आलेल्या एका महिलेने बॅगेतलं कच्चं डुकराचं मांस आणि इतर खाद्यपदार्थ जाहीर केले नव्हते. तिचा व्हिसा रद्द करून तिला परत पाठवलं गेलं. २०२२ मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत मॅकडोनाल्ड्सचा उरलेला नाश्ता सापडला, अंडं आणि बीफ सॉसेज घातलेले दोन मफिन आणि हॅमचं एक क्रोसाँ. दंड झाला २,६६४ डॉलर.

एका नाश्त्यासाठी एवढं? कारण त्या वर्षी इंडोनेशियात जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची साथ आली होती. ऑस्ट्रेलियात हा रोग नाही आणि तिथला मांस व दुधाचा मोठा व्यापार तो नसण्यावरच उभा आहे. भारतात हा रोग आहे, हे ध्यानात ठेवा. आपल्या बॅगा का उघडल्या जातात ते मग कळतं.

आता एक कार्ड भरूनच पाहू

समजा, एक काकू मुंबईहून सिंगापूरला विमान बदलून मेलबर्नला चालल्यात. लेकीचं बाळंतपण आहे, मुक्काम तीन महिने. कार्ड प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे काकांचं वेगळं. सोबत लहान मूल असतं तर त्याचंही वेगळं, आई-वडिलांनी भरलेलं.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, ठळक सुट्या इंग्रजी अक्षरांत. आडनाव एका रकान्यात, आणि पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचं नाव छापलेलं असेल तर दोन्ही दुसऱ्या रकान्यात. पासपोर्ट क्रमांकाच्या जागी व्हिसाचा क्रमांक लिहिणारे बरेच असतात, तसं करू नका. फ्लाइट क्रमांक मेलबर्नला उतरणाऱ्या विमानाचा, मुंबईहून निघालेल्याचा नाही. तो दुसऱ्या बोर्डिंग पासवर असतो. राहण्याचा पत्ता लेकीचा, राज्यासकट. मेलबर्न व्हिक्टोरिया राज्यात येतं.

'पुढचे बारा महिने ऑस्ट्रेलियात राहणार आहात का?' काकू तीन महिन्यांनी परतणार आहेत, म्हणून 'नो'.

मागच्या बाजूला एक प्रश्न फसवतो: हे विमान तुम्ही कोणत्या देशात पकडलं? हात आपोआप 'इंडिया' लिहितो. पण विचारलंय ते 'या' विमानाबद्दल, म्हणून उत्तर सिंगापूर. भारत येतो तो राहण्याच्या देशाच्या आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात. येण्याचं कारण 'मित्र किंवा नातेवाइकांना भेटणं'. काकू शिक्षिका होत्या आणि निवृत्त झाल्यात, तर व्यवसायात 'रिटायर्ड'.

खरा पेपर: बॅगेत काय आहे?

काकूंच्या बॅगेत रक्तदाबाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या आहेत. औषधांचा उल्लेख पहिल्याच प्रश्नात येतो, म्हणून 'येस'. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं नेता येतात. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी आणि गोळ्या मूळ पाकिटातच असाव्यात. आठवड्याच्या वारांच्या डबीत सुट्या भरून नेल्या, तर त्या कसल्या आहेत हे सांगणं अवघड होतं.

पुढचा मुद्दा सोन्याचा. बाळासाठी घडवलेल्या बिंदल्या आणि साखळी आहे. परदेशात घेतलेल्या मालाची एकूण किंमत ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली की 'येस', आणि त्यात भेटवस्तूही धरायच्या. "भेट आहे, विकायची थोडीच आहे" हा युक्तिवाद इथे चालत नाही. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. १८ वर्षांखालच्या प्रवाशासाठी ही मर्यादा ४५० डॉलर आहे. रोख रक्कम १० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर तीही जाहीर करायची. नेण्यावर मर्यादा नाही, लपवण्यावर आहे.

आता खाण्यापिण्याचे प्रश्न. एकात मांस, मासे, अंडी, दूध-दुभतं, फळं आणि भाज्या येतात. काकूंकडे कंदी पेढे आहेत, म्हणून 'येस'. खवा-दुधाची मिठाई भारतातून नेता येत नाही, त्यामुळे पेढे बहुतेक जातीलच. ताज्या कढीपत्त्याचंही तेच.

दुसऱ्या प्रश्नात धान्य, बिया, सुकामेवा, वनस्पतींचे भाग, पारंपरिक औषधं आणि लाकडी वस्तू आहेत. म्हणजे मराठी बाळंतपणाची अख्खी पिशवीच! अळीव म्हणजे बिया. बाळगुटीतलं वेखंड, हिरडा, मुरडशेंग म्हणजे वनस्पतींचे भाग आणि पारंपरिक औषधही. डिंकाच्या लाडवात सुकामेवा. पोळपाट-लाटणं लाकडी. इथे 'येस' लिहिण्यावाचून पर्यायच नाही. मध नेत असाल, तर तो प्राणिजन्य पदार्थांच्या प्रश्नात मोडतो.

अख्खे जिरे, धने, बडीशेप, सुक्या लाल मिरच्या, शेंगदाणे, तांदूळ, तूर, मूग, मसूर, हरभरा हे घरून नेण्याच्या फंदात मात्र पडूच नका. ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून अशा कच्च्या मालाला बंदी आहे. कारण आहे खपरा नावाचा भुंगा. (नावावरूनच कळतं की मूळचा आपल्याकडचा.) त्याची अळी धान्य पोखरते आणि अन्नाशिवायही दीर्घकाळ फटीत लपून जगते, त्यामुळे एकदा गोदामात शिरली की तिला काढणं फार कठीण. हा नियम बऱ्याच जणांना विमानतळावरच कळतो. तिथल्या भारतीय दुकानांत हे सगळं मिळतं. तळलेल्या चकल्या, शंकरपाळ्या सहसा अडत नाहीत, पण जाहीर त्याही करायच्या.

एक प्रश्न आपण हसून सोडून देतो: गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा शेतातल्या जनावरांजवळ गेला होतात का? काकू निघण्याआधी कुलदैवताला जाऊन आल्या, वाटेत गावच्या घरी थांबल्या आणि गोठ्यातही गेल्या. उत्तर 'येस'. अधिकारी त्यांची पादत्राणं बघेल, माती असली तर साफ करायला घेईल. चपला घरूनच घासून-पुसून भरल्या तर हे काम मिनिटाचं.

बॅग खाली, तुम्ही वर

कार्ड विमानात भरताना अडचण येते ती ही की सामान पोटात असतं आणि उघडून बघता येत नाही. त्यातून बॅग भरली सुनेने आणि ऐनवेळी पिशवी कोंबली शेजारच्या वहिनींनी, तर आत काय आहे हे काकूंना माहीतच नसतं. पण सही काकूंची असते. म्हणून बॅग भरताना प्रत्येक पुडीवर नाव लिहा, यादी करा आणि यादीचा फोटो काढून ठेवा. खाण्याच्या सगळ्या वस्तू एकाच बॅगेत वर ठेवल्या, तर तपासणीत अख्खी बॅग उपसावी लागत नाही.

पेन हँडबॅगेत ठेवा, निळं किंवा काळं. विमानात पेन मिळेलच असं नाही, आणि मग एका पेनासाठी सहा रांगा वाट बघतात. मुलीचा पत्ताही कागदावर लिहून घ्या, कारण वर असताना मोबाइलला नेटवर्क नसतं. जेवणासोबत मिळालेलं सफरचंद किंवा सँडविच पर्समध्ये टाकू नका. ते विमानातच संपवा किंवा तिथेच सोडा.

काही विमानांवर या कार्डाची डिजिटल आवृत्ती आजमावली जातेय. सिंगापूरचं आणि थायलंडचं कार्ड तर आता ऑनलाइनच भरतात, तेही उतरण्याआधीच्या तीन दिवसांत. सिंगापूरला फक्त विमान बदलणार असाल आणि इमिग्रेशनमधून बाहेर पडणार नसाल, तर तिथलं कार्ड भरावं लागत नाही.

आणि विमानात घाईत 'नो' लिहिलं, मग उतरल्यावर आठवलं की पर्समध्ये बाळगुटीची पुडी आहे? कार्ड अजून तुमच्याच हातात असतं. बॅगा घेऊन जैवसुरक्षा अधिकाऱ्यासमोर गेलात की त्याने सामान तपासायच्या आत स्वतःहून सांगा, "मला हे उत्तर बदलायचंय."