चार मिनिटांचं आभाराचं भाषण

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपच्या मालकांनी दहाव्या वर्धापनदिनाचं भाषण लिहून मला वाचायला दिलं. चौतीस माणसांचा हा कारखाना फाउंड्रीकडून आलेल्या कास्टिंगवर मशीनिंग करून देतो. भाषण अकरा मिनिटांचं होतं. त्यातली सहा मिनिटं मालकांच्या धडपडीची होती: बँकेचे हेलपाटे, वडिलांचा विरोध, हप्त्यावर घेतलेलं पहिलं मशीन. पुढे ‘तुम्ही सगळे माझं कुटुंब आहात’ आणि शेवटी चौतीस नावं. सगळं खरं होतं, तरी ते ऐकताना कामगाराला आपण कुठे आहोत हे सापडलं नसतं.

अशा सभेत उभं राहून ऐकणाऱ्याला एवढंच हवं असतं की मी केलेलं काम मालकाला आठवतं. त्यामुळे आभाराच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: कोणी केलं, नेमकं काय केलं आणि त्यामुळे काय वाचलं किंवा घडलं. ‘सर्वांच्या अथक परिश्रमांमुळे’ या शब्दांत यातलं काहीच नसतं. मी त्यांना म्हटलं, दहा वर्षांतले तीन प्रसंग निवडा, बाकीचं सोडा.

पहिला प्रसंग लगेच निघाला. ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि मालक कोल्हापुरात अडकले. शेडमध्ये वॉचमनमामा आणि दोन ऑपरेटर होते. त्यांनी फोनची वाट न पाहता मेन स्विच बंद केला आणि गेज, मायक्रोमीटर, ड्रॉइंगच्या फायली पोटमाळ्यावर नेल्या. पाणी ओसरल्यावर मशीन सुकवून कामाला लागता आलं, कारण मापाची साधनं शाबूत होती.

दुसरा प्रसंग सांगायला ते कचरत होते. तपासणी विभागातल्या ताईंनी एकदा गाडीत भरलेला माल उतरवायला लावला होता. बोअर वीस मायक्रॉननं मोठा झाला होता. गाडी चुकली म्हणून मालक सगळ्यांसमोर ताईंवर ओरडले होते. तो माल गेला असता तर गिऱ्हाइकानं सगळा लॉट परत पाठवला असता, हे त्यांना नंतर कळलं. मी आग्रह धरला की हे सांगायचंच, आणि ओरडलो होतो हेही सांगायचं. चारचौघांत झालेला अपमान केबिनमध्ये बोलावून माफी मागितल्यानं पुरता भरून निघत नाही.

तिसरा प्रसंग २०२०च्या टाळेबंदीचा. दोन महिने सगळ्यांनी अर्धा पगार घेतला होता. इथे मी आधी विचारलं, उरलेला अर्धा दिला का? दिला होता, दोन हप्त्यांत, दिवाळीपर्यंत. म्हणूनच तो प्रसंग ठेवला. देणं बाकी असताना त्याच गोष्टीचे आभार मानले तर ऐकणारा मनातल्या मनात हिशेब करतो आणि पुढचं भाषण त्याच्या कानावर पडत नाही.

याच कारणानं एक परिच्छेद पूर्ण काढला. त्यात ‘आम्ही पीएफ देतो, बोनस देतो’ असं अभिमानानं लिहिलं होतं. पीएफ आणि किमान ८.३३ टक्के बोनस हे कायद्याचं देणं आहे. ते उपकारासारखं सांगितलं तर जुन्या कामगाराला लागतं. ‘कुटुंब’ हा शब्दही काढला. मंदीत माणसं कमी करायची वेळ आली तर तोच शब्द परत येऊन टोचतो.

नावांचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. चौतीस नावं वाचली तर दहाव्या नावानंतर कोणी ऐकत नाही, आणि एखादं राहिलं तर तेवढंच लक्षात राहतं. शेवटी पहिल्या दिवसापासून असलेल्या चौघांची आणि तीन प्रसंगांतल्या माणसांची नावं घ्यायची ठरलं. बाकी प्रत्येकाला मालकांच्या हातचं दोन ओळींचं पत्र, त्यात त्याच्या कामातली एक गोष्ट. पत्रं लिहायला त्यांना चार रात्री लागल्या. ठेकेदाराकडचे हेल्पर आणि चहा देणाऱ्या मावशी पगारपत्रकात नव्हत्या, म्हणून यादीतून सुटत होत्या. त्यांचीही पत्रं लिहिली.

उरलं साडेचारशे शब्दांचं भाषण, सावकाश बोलून चार मिनिटांचं. कागद हातात ठेवायचा, पण प्रसंग बघून वाचायचे नाहीत, एवढंच ठरवलं.

त्या संध्याकाळी मालक ताईंच्या प्रसंगापर्यंत आले आणि थांबले. मग म्हणाले, “ताई, त्या दिवशी तुम्ही बरोबर होता आणि मी चुकलो होतो. आज सगळ्यांसमोर सांगतो.” मागच्या रांगेत बसलेल्या ताईंच्या सासूबाईंनी शेजारणीला विचारलं, “हे आमच्या सूनबाईंबद्दलच बोलतायत ना?”

शेवटचं वाक्य त्यांनी आयत्या वेळी जोडलं: “दुसऱ्या पाळीला मशीनवर जायचंय, त्यांना आधी वाढा.” आणि ते स्वतः भाताचं पातेलं घेऊन पंगतीत उतरले.